नियम बाईंनाही लागू

जूनमध्ये शाळा उघडली की वर्गाचे नियम मुलांना विचारून ठरवणारे शिक्षक आता बरेच दिसतात. पण ‘कोणते नियम हवेत?’ असं विचारलं, की पाचवीची मुलं पाठ केल्यासारखी सांगतात: गडबड करू नये, मोठ्यांचं ऐकावं. बाईंना काय आवडेल हे त्यांना ठाऊक असतं. तक्ता भिंतीवर लागतो आणि महिन्याभरात त्याच्याकडे कुणी बघतही नाही.

म्हणून सुरुवात अडचणीपासून करावी. एक तास पुरतो. बोलणं साधारण असं:

बाई: मागच्या वर्षी वर्गात शिकताना कशाचा त्रास झाला? चिठ्ठीवर लिहा, नाव घालू नका.

चिठ्ठ्या गोळा करून बाई वाचतात.

बाई: ‘उत्तर चुकलं की सगळे हसतात’ असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. काय ठरवू या?

मुलगा: हसायचं नाही.

बाई: मग करायचं काय?

मुलगी: त्याचं बोलून होईपर्यंत थांबायचं.

बाई: तरी कुणी हसलं तर?

मुलगा: अंगठे धरून उभं करायचं!

बाई: ज्याला हसले, त्याला त्यानं बरं वाटेल?

मुलगी: नाही. हसणाऱ्यानं त्याची माफी मागायची, आणि त्याला पुन्हा उत्तर सांगू द्यायचं.

बाई: आणि मीच हसले तर?

या शेवटच्या प्रश्नावर वर्ग गप्प होतो, कारण मुलांना असं कुणी विचारलेलं नसतं. पोलंडमधले यानुश कोर्चाक वॉर्सातल्या आपल्या अनाथाश्रमात मुलांचं न्यायालय चालवत. तिथे मुलं खुद्द कोर्चाकांवरही तक्रार आणू शकत, आणि ती त्यांनी आणलीही. ज्याच्या हातात सत्ता आहे त्यालाही नियम बांधतो, हे दिसलं तरच मुलं तो आपला मानतात.

काही गोष्टी मात्र चर्चेला ठेवू नयेत. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मनाई आहे. अंगठे धरण्याला साऱ्या वर्गानं हात वर केले तरी ते चालणार नाही. शाळेची वेळही वर्गाच्या हातात नाही. हे आधीच सांगून टाकावं. सगळं ठरवून ठेवून विचारल्याचं नाटक करणं हे सरळ हुकूम देण्याहून वाईट, कारण मुलं ते ओळखतात आणि पुढच्या वेळी खरं बोलत नाहीत.

नियम चार-पाचच असावेत, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बसावं. त्या बैठकीत एकच पाहावं: प्रत्येक वेळी त्याच एका मुलाचं नाव पुढे येतंय का? येत असेल, तर नियमाच्या आडून वर्ग त्याला एकटं पाडतोय. अशा वेळी बहुमत बाजूला ठेवून बाईंनी त्या मुलाच्या बाजूला उभं राहिलं पाहिजे.