हे पत्र आहे की दयेचा अर्ज?

तुझं पत्र वाचलं. पहिल्याच ओळीत ‘आपल्या प्रतिष्ठित कंपनीचे आम्ही सदैव ऋणी आहोत.’ ऋणी कोण आहे रे? आठ लाखांचा माल तू दिलास, पैसे त्यांनी सहा महिने उशिरा दिले, आणि ऋणी तू? शेवटची ओळ तर कळसच. ‘विलंबाबाबत शक्य झाल्यास सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.’ विचार कशाचा? अख्ख्या पानभर ‘व्याज’ हा शब्द एकदाही नाही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे कुठे शिकलास? माझ्याकडे नक्कीच नाही.

तुला येत नसतं तर मी चार ओळी लिहून दिल्या असत्या आणि गप्प बसलो असतो. पण ड्रॉइंगवर अर्धा मिलिमीटर चुकला तर तू कारागिराला उभा-आडवा घेतोस. स्वतःच्या पैशांचं पत्र लिहिताना ती नजर कुठे जाते?

तुझी सबब मला पाठ आहे. ‘सर, पर्चेस ऑर्डरवरच 60 दिवस लिहिलंय, मी सही केलीय.’ केलीस ना? मग कायदाही वाच. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006, कलम 15. लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या पुढे मुदत जाऊच शकत नाही. करारच नसेल तर पंधराच दिवस. आणि कलम 16 सांगतं की करारात काहीही लिहिलेलं असो, उशीर झाला की व्याज लागतंच, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट आणि दरमहा चक्रवाढीने. तू सही केलीस म्हणून कायदा रद्द होत नाही.

आता तुझा हिशेब. तो तरी केलास का? पत्रात ‘18 टक्के दराने अंदाजे 72 हजार’ असं पेन्सिलीने खरडून मग खोडलंयस. अंदाजे? 18 टक्के हा आकडा कुठून आणलास, तुझ्या बिलाच्या पाठीमागे छापलाय म्हणून? चलनावर त्यांच्या गेटचा शिक्का 10 जून 2024 चा आहे. 45 दिवस संपले 25 जुलैला. व्याज सुरू 26 जुलैपासून. मुद्दल खात्यात जमा झालं 25 जानेवारी 2025 ला. म्हणजे पुरते सहा महिने. या सगळ्या काळात बँक रेट 6.75 टक्के होता. त्याची तिप्पट 20.25, महिन्याला 1.6875 टक्के. पहिल्या महिन्याचं व्याज 13,500. दुसऱ्या महिन्यात व्याज आठ लाखांवर नाही, 8,13,500 वर लागतं, ते झालं 13,728. असं सहा महिने चढत गेलं की एकूण 84,495 रुपये होतात. दोन हजारांचा कॅल्क्युलेटर टेबलावर पडलाय, आणि तू साडेबारा हजार सोडून देऊन वर सहानुभूती मागतोस.

या हिशेबाचा तक्ता करून पत्रासोबत जोड. प्रत्येक बिलाची एक ओळ: बिल क्रमांक, चलनाची तारीख, मुदत संपल्याची तारीख, पैसे आल्याची तारीख, व्याज. बँक रेट फेब्रुवारी 2025 पासून खाली येत गेलाय, म्हणून पुढच्या बिलांना जुनाच दर चिकटवू नकोस. एक चुकीचा आकडा सापडला की समोरचा अकाउंटंट त्याच्यावरच महिनाभर बसतो आणि बाकीचं पत्र बाजूला पडतं.

‘माल खराब होता असं म्हणाले तर?’ म्हणू देत. कधी म्हणाले? माल पोहोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नसेल तर पोहोचला तोच दिवस स्वीकारल्याचा दिवस धरला जातो. जानेवारीत फोनवर केलेली कुरकुर ही हरकत नव्हे. पण खरंच रिजेक्शन नोट वेळेत आली असेल, तर ते नग आधी वजा कर. लपवलेस तर पहिल्याच उत्तरात तोंडावर पडशील. आणि उद्यमची नोंदणी काढून बघ, तारखेसह. ती पुरवठ्याच्या आधीची आहे ना? नंतरच्या नोंदणीवर कोर्टात बरेच वाद झालेत. तुझी आधीची असेल तर क्रमांक पत्राच्या माथ्यावर टाक. इतकी वर्षं ते सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर टांगलंयस, कधी कामाला लावणार?

मग धमकीचा परिच्छेद. ‘अन्यथा फसवणुकीचा गुन्हा दाखल करू.’ वा! वर पाय धरायचे आणि खाली पोलिसाची भीती घालायची. उशिरा पैसे देणं म्हणजे आपोआप फसवणूक होत नाही, आणि त्यांच्या वकिलाला हे तुझ्यापेक्षा चांगलं कळतं. काढ ते. त्याजागी हे लिही:

‘कलम 15 व 16 नुसार सोबतच्या तक्त्याप्रमाणे 84,495 रुपये व्याज देय आहे. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत ते अदा करावे. तसे न झाल्यास कलम 18 खाली फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करण्यात येईल. कलम 22 नुसार ही रक्कम आपल्या लेखापरीक्षित वार्षिक हिशेबात दाखवली आहे का, हेही कळवावे.’

बस. ना हात जोडणं, ना डोळे वटारणं. शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. पर्चेसवाला तुझं पत्र खणात टाकेल, पण हे वाचून फायनान्सवाला ते बाहेर काढेल, कारण हे व्याज त्यांना प्राप्तिकरात खर्च म्हणून धरता येत नाही आणि ऑडिटर त्याबद्दल विचारतोच. कौन्सिलचा निवाडा विरुद्ध गेला तर त्याला आव्हान द्यायला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते, हेही त्यांना ठाऊक असतं. तुला सांगायची गरज नाही. म्हणून पत्र पर्चेसच्या साहेबाला नाही, कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला, स्पीड पोस्टाने, आणि तेच फायनान्सला ईमेलने.

राहिली तुझी खरी भीती. ऑर्डर बंद होईल. होऊ शकते. मी खोटं कशाला सांगू? तुझा निम्म्याहून जास्त माल त्या एकाच दारात जातो, ही चूक या पत्राने दुरुस्त होणार नाही. ऑर्डर जपायची असेल तर सरळ ठरव, व्याज सोड, आणि पुन्हा माझ्यासमोर रडू नकोस. तोही धंद्याचा निर्णय आहे, मी नावं ठेवणार नाही. पण अर्धवट मागायचं, मिळालं नाही की ‘मी प्रयत्न केला’ म्हणायचं, ही स्वतःची फसवणूक मला चालणार नाही. ते पत्र त्यांच्यासाठी नव्हतंच. ते तुझ्या मनाच्या समाधानासाठी होतं.

चलनाच्या प्रती, बँक स्टेटमेंट आणि तक्ता घेऊन सोमवारी ये. ‘ऋणी’ शब्द खोडून ये.