पडदा हे दार आहे काय?

कर्जत-खालापूरकडील कुटुंब कुर्ल्यात येऊन दुसऱ्या कुटुंबासह एकच खोली भाड्याने घेते, तेव्हा पहिल्याच आठवड्यात प्रश्न उभा राहतो: दोरीवर टाकलेली चादर हे दार मानावे काय? निम्मे भाडे दिले, खोली आपलीच, असे पुष्कळांना वाटते. परंतु सहीह बुखारीतील हदीसनुसार परवानगीचा नियम नजरेसाठी आहे. म्हणजे तो मालकीवर नव्हे, दुसऱ्याच्या एकांतावर उभा आहे. सूरह अन्-नूर (२४:५८) तर घरातील लहान मुलांनाही तीन वेळा परवानगी घ्यायला लावते: फज्रपूर्वी, दुपारी कपडे उतरविले जातात तेव्हा आणि इशानंतर. मग पलीकडच्या प्रौढांना सूट कशी मिळेल? माझ्या मते चादर दारच आहे.

खरी अडचण रात्रपाळीच्या माणसाची. तो नेमका फज्रपूर्वी परततो आणि त्याची वाट दुसऱ्यांच्या अंथरुणाशेजारून जाते. सलाम करून तीनदा परवानगी मागावी, न मिळाल्यास परतावे, ही शिकवण आहे. पण स्वतःच्या बिछान्यापासून तो परतणार कोठे? म्हणून दोन्ही कुटुंबांनी परतण्याची वेळ आधीच ठरवावी आणि त्या वेळी वाटेवरचा पडदा ओढलेला असावा. ही आगाऊ दिलेली परवानगीच होय. ठरल्या वेळेआधी आल्यास मात्र त्याने जिन्यातच थांबावे.