पाठ केलेले शब्द आणि मोकळी वाणी

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ४:२३-३१



विल्यम केरी यांचे वडील इंग्लंडमधील एका खेड्यात अँग्लिकन मंडळीचे कारकून होते. पुस्तकातील प्रार्थना ऐकत वाढलेले केरी तरुणपणी पुस्तकाविना प्रार्थना करणाऱ्यांत सामील झाले. पुढे कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात त्यांनी मराठी शिकवली आणि १८०५ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्या नगरात आजही दोन्ही परंपरा नांदतात. १८४७ साली समर्पित झालेल्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये नेमलेल्या प्रार्थना म्हटल्या जातात, तर बाप्तिस्त मंडळ्यांत आणि घरोघरच्या प्रार्थनासभांत मोकळी प्रार्थना चालते.

यांतील खरी कोणती? आपला शास्त्रपाठ पाहा. पेत्र व योहान धमकावून सोडले गेले, तेव्हा मंडळीने उत्स्फूर्तपणे आवाज उंचावला. पण तिच्या मुखी आले ते दुसऱ्या स्तोत्राचे पाठ असलेले शब्द. त्यानंतर हेरोद व पिलात यांची नावे घेऊन तिने त्या दिवसाची गरज मांडली. पाठ केलेल्या शब्दांनी तिला पाया दिला, मोकळ्या शब्दांनी त्यावर आजचे दुःख ठेवले. नुसत्या पाठात ओठ चालतात आणि मन भटकते. नुसत्या मोकळेपणात आपणच आपल्या ठरावीक वाक्यांत फिरत राहतो.

लाजाळू विश्वासणाऱ्याने येथूनच आरंभ करावा. प्रार्थनापुस्तकातील 'कलेक्ट' या छोट्या प्रार्थनेची घडण ध्यानात घ्या : देवाला हाक, त्याचा एक गुण, एकच मागणी, तिचा हेतू आणि ख्रिस्ताच्या नावाने शेवट. समजा, नोकरीनिमित्त कोलकात्यास आलेली एक मराठी भगिनी घरगुती प्रार्थनासभेत बसली आहे. पाळी जवळ येताच तिचा घसा कोरडा पडतो. शेजारीण इस्पितळात आहे, एवढेच तिच्या मनात आहे. तिने म्हणावे, "हे पित्या, तू दुखणाइतांजवळ असतोस, माझ्या शेजारणीला आज रात्री शांत झोप दे, म्हणजे तिला धीर येईल, येशूच्या नावाने, आमेन." एवढी प्रार्थना पूर्ण आहे. पहिल्या काही सभांत ती घरून लिहून आणून वाचली, तरी उणेपणा नाही. मराठीत सुचत असेल तर मराठीतच बोलावे. इतरांना आधी विषय सांगितला, म्हणजे त्यांना आमेन म्हणता येते. त्या दिवशी बोलवत नसेल, तर केवळ "आमेन" म्हणावे. १ करिंथ १४:१६ मध्ये पौल त्या शब्दाला प्रार्थनेतील वाटा मानतो.

सभा चालवणाऱ्यांनी ओळीने पाळी लावू नये. शांतता लांबली तर लांबू द्यावी. प्रार्थनेत इतरांना उपदेश होऊ लागला, शेजाऱ्याचे गुपित उघडे पडू लागले, किंवा श्वास घेण्यापुरते "प्रभू, प्रभू" येऊ लागले, तर बोलणे देवाकडून श्रोत्यांकडे वळले असे समजावे. अशा वेळी थांबून सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणावी. तिच्यात अबोल आणि बोलका यांचा आवाज एकच होतो.