खवट तुपाबद्दल ताईला पत्र

शिरूर

चि. सौ. ताईस,


तुझ्या दौंडच्या घरातलं दिवाळीचं तूप मे महिन्यात वास मारू लागलं, टाकू की लाडवांत घालू, असं तू विचारलंस. आधी थोडं तूप तळहातावर चोळ आणि हुंग. वास आंबूस, ताकासारखा असेल तर एक गोष्ट. जुन्या शेंगदाण्यासारखा किंवा तेलरंगासारखा असेल, जिभेवर किंचित कडवट लागत असेल, तर दुसरी.

आंबूस वास बहुधा ओलाव्याचा. कढवताना लोण्यातलं पाणी पुरतं गेलं नाही, किंवा बेरी तळाशी राहिली. तुपात पाणी अर्ध्या टक्क्याहून जास्त नसावं, असा सरकारी नियमच आहे. असं तूप मंद आचेवर पुन्हा कढव. चडचड थांबून बारीक फेस आला, बेरी तांबूस झाली की उतरव आणि बारीक फडक्यातून गाळ. पंधरा-वीस दिवस साठवलेल्या सायीचं लोणी मात्र मुळातच आंबलेलं असतं. त्याचा वास कढवून पूर्ण जात नाही.

खवट वास हवेचा, उजेडाचा आणि उष्णतेचा. त्यावर उपाय नाही. कढवल्यावर वास थोडा दबतो, पण तूप सुधारत नाही. एखादा चमचा पोटात गेला म्हणून विषबाधा होत नाही, फार तर मळमळेल. पण रोज खायचं ते नव्हे. त्यातली अ आणि ई जीवनसत्त्वं नासलेली असतात, आणि खवटपणातून तयार होणारी द्रव्यं शरीराला बरी नाहीत. लाडवांत वेलची घालून वास झाकशील, तर खाणारी तुझीच पोरं. ते निरंजनाला वापर.

तेलाचं तसंच. करडईचं तेल शेंगदाण्याच्या तेलापेक्षा लवकर खवटतं, म्हणून उन्हाळ्यात त्याचा पंधरा लिटरचा डबा आणूच नये. स्वस्त पडतो हे खरं, पण शेवटचे चार लिटर वाया जातात. जुन्या तेलावर नवं ओतण्याची तुझ्या सासूबाईंची सवय मात्र मोडायला हवी. तळाचं खवट तेल नव्याला विरजण लावतं. भांडं रिकामं कर, गरम पाण्यानं साबण लावून धू, उन्हात खडखडीत वाळव, मग भर. तळणाचं उरलेलं तेलही ताज्यात मिसळू नको.

साठवायला स्टीलचा डबा किंवा काचेची बरणी, तीही काठोकाठ भरलेली, म्हणजे वर हवा कमी राहते. बिनकल्हईचं पितळ, तांबं नको. त्या धातूंनी खवटपणाला वेग येतो. रोजच्यापुरतं लहान डब्यात काढ, चमचा कोरडा, आणि डबा गॅसजवळ नव्हे, अंधाऱ्या फडताळात. कढवताना आपण विड्याचं पान टाकतो, ते नुसतं वासासाठी नाही. त्याने खवटपणा थोडा लांबतो.

रविवारी येशील तेव्हा बरणी रिकामी घेऊन ये, ताजं कढवलेलं देते.

तुझी,
आत्या