हाक

आमच्याकडे आणलेल्या कुत्र्याचा मागचा पाय गाडीखाली येऊन वाकडाच जुळला होता. बहिणीने त्याचं नाव ठेवलं हार्डी. पण हाक मारली की तो शेपूट पायांत घालून सोफ्याखाली शिरायचा. दोन दिवसांनी लक्षात आलं, 'हार्डी'त 'हाड' दडलंय. रस्त्यावर तो तेच ऐकत आला होता, आणि त्यामागून दगड.

कोपऱ्यावरचा चहावाला त्याला 'लंगड्या' म्हणून बिस्किट टाकायचा. त्या नावाला तो कान टवकारून धावत यायचा. व्यंगावरून हाक मारणं आम्हाला टोचत होतं. आई म्हणाली, "टोचतं ते तुम्हाला. त्याच्यासाठी तो शब्द म्हणजे बिस्किट."

पटलं. पण हाक चारचौघांत मारली जाते, आणि आमच्याच मजल्यावर काठी टेकत चालणारे एक काका राहतात. त्यांना त्या शब्दाचा अर्थच ऐकू येणार.

म्हणून आधी 'लाडक्या', लगेच 'लंगड्या', मग बिस्किट, असा क्रम ठेवला. बाराव्या दिवशी तो नुसत्या 'लाडक्या'ला वळला. जुनी हाक आम्ही सोडली. त्याने सोडलेली नाही. चहावाल्याकडे तो अजून त्याच नावाने जातो.