शिवण गेली आणि चेंडू डगमगला

फुटबॉलच्या चेंडूची शिवण हा दोषच, ती जितकी कमी तितका चेंडू चांगला, असं बनवणारे कित्येक वर्षं धरून चालले होते. त्यांच्याकडे कारणंही तशीच होती. 1930च्या पहिल्या विश्वचषकातला चेंडू चामड्याचा होता. आतला रबरी ब्लॅडर घालण्यासाठी चामड्याला चीर ठेवायची आणि ती वादीने आवळून बांधायची. हेडर मारताना नेमकी वादी कपाळावर आली की कातडी सोलून निघायची. पुढे व्हॉल्व्ह आला आणि वादी गेली, तरी चामडं आणि टाक्यांची भोकं पाणी पीतच राहिली. पावसातल्या सामन्यात चेंडू उत्तरार्धापर्यंत जड व्हायचा.

1970च्या विश्वचषकातल्या टेलस्टार चेंडूचे 32 तुकडे आपल्या डोळ्यांसमोर आहेत: 12 काळे पंचकोन, 20 पांढरे षटकोन. त्यांच्या कडा जुळतात तिथे 90 शिवणी पडतात. असा चेंडू कारागीर उलटा धरून शिवतो, मग सुलटा करतो आणि राहिलेली शेवटची शिवण बाहेरून बंद करतो. 1986च्या अझ्टेकाने चामडं घालवलं, 2006च्या टीमगाइस्टने टाके. त्याचे 14 तुकडे उष्णतेने चिकटवले होते. 2010च्या जाबुलानीत तुकडे 8च उरले. शिवणी उथळ झाल्या आणि त्यांची एकूण लांबीही जुन्या चेंडूच्या जवळपास निम्मी झाली.

आणि इथेच घोटाळा झाला. शिवणीचा खडबडीतपणा चेंडूला लगटून जाणारी हवा ढवळतो. ढवळलेली हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते, त्यामुळे त्याची वाट स्थिर राहते. वेग एका मर्यादेखाली आला की ही हवा कधी या बाजूने, कधी त्या बाजूने लवकर सुटते. अशा वेळी चेंडूला फिरकी नसेल तर तो हवेतच डुलतो. 32 तुकड्यांच्या चेंडूत ही मर्यादा ताशी 50 किलोमीटरच्या आसपास होती, म्हणजे जोरकस फटक्याच्या बरीच खाली. जाबुलानीत ती ताशी 75-80 वर गेली, आणि लांबून मारलेली फ्री किक गोलपोस्टकडे येता येता नेमकी त्याच वेगावर उतरते. चेंडू हवेत डुलतो ही गोलरक्षकांची तक्रार सबब नव्हती. उरुग्वेच्या दिएगो फोर्लानने मात्र त्या चेंडूवर 5 गोल केले.

चूक सुधारली ती मागे जाऊन नव्हे. 2014च्या ब्राझुकात तुकडे आणखी कमी, अवघे 6. पण ते नागमोडी कापल्यामुळे शिवणीची लांबी जाबुलानीच्या दीडपटीहून जास्त भरली आणि खोलीही वाढवली. चिकटवलेलाच चेंडू, पण डुलण्याचा वेग पुन्हा 50च्या आसपास आला. म्हणून मला जाबुलानी फसलेला चेंडू वाटत नाही. शिवण नेमकं काय करत होती, हे त्यानेच दाखवून दिलं. 2022च्या अल रिहलात तुकडे पुन्हा वाढून 20 झाले आणि पृष्ठभागावर मुद्दाम खडबडीत पोत उमटवला गेला.