तिघींची ओळ

डोंबिवलीची गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ साली श्री गणेश मंदिर संस्थानने सुरू केली. तिच्यात लेझीम खेळायचं म्हणून एका सोसायटीतल्या, आणि लग्न होऊन कल्याण-ठाण्याला गेलेल्या, अशा बत्तीसजणी जमल्या. पाडव्याला दहा दिवस उरले तेव्हा एकोणीसजणींचा होकार होता, तिघींचा नकार, आणि दहाजणी गप्प. फेटेवाल्याला आकडा हवा होता; लेझीमही भाड्याच्या.

ग्रुप सांभाळणाऱ्या ताईने दहाही नावांची यादी सगळ्यांसमोर टाकली : ‘ह्यांनी अजून कळवलेलं नाही!’ तासाभरात एकीला वडिलांचं आजारपण चव्हाट्यावर मांडावं लागलं. बाकीच्या नऊजणी आणखीच गप्प झाल्या. तोंडावर पडायला कोणाला आवडतं?

तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “यादी काढून टाक आणि तिची माफी माग. ज्यांनी उत्तर दिलंय त्यांना पुन्हा छळू नकोस. उरलेल्या नऊजणींना एकेकीला वेगळं लिही. तेही रात्री साडेनवानंतर. सकाळी लोकलच्या दारात लटकलेली बाई काय उत्तर देणार?”

मजकूरही काकूंनीच सांगितला : ‘रविवारी रात्री फेट्यांचा आकडा द्यायचाय. येणार की नाही, एवढंच कळव. नाही म्हणालीस तरी चालेल, कारण नको. उत्तर आलं नाही तर तुला धरत नाही.’

“हे शेवटचं वाक्य कोरडं वाटतं हो,” ताई म्हणाली.

“वाटू दे. त्याच्यामुळे तुला पुन्हा विचारावं लागणार नाही, आणि जिला नाही म्हणायला जड जातं तिची गप्प राहून सुटका होते.”

पाचजणींची उत्तरं आली : तीन होकार, दोन नकार. एकीने ‘बघते गं’ लिहिलं. काकूंनी ते नकारातच धरायला लावलं. फोन फक्त एकीलाच केला, कारण ती दरवर्षी यायची आणि तिचं गप्प राहणं नेहमीचं नव्हतं. तिचा मोबाइल बिघडला होता. ती येणार होती. उरलेल्या दोघींना पुन्हा विचारलं नाही.

झाल्या तेवीस. चौघींच्या पाच ओळी आणि वर तिघी. ताईचा जीव त्या एका रिकाम्या जागेत अडकला. “वडील आजारी आहेत तिला तासभर ये म्हणू का?”

“ओळ तिच्यासाठी मोडत नाहीये, तुझ्या डोळ्यांना मोडतेय,” काकू म्हणाल्या. “तिघींना पुढे घे.”

पाडव्याला पहाटे ‘बघते’वाली नऊवारी नेसून हजर! फेटा नव्हता, लेझीमही नव्हती. कोणी टोमणा मारला नाही, पण तिच्यासाठी ओळही बदलली नाही. तिने बॅनरचं एक टोक धरलं. फडके रोडवर पुढे तिघी, मागे पाच ओळी. फेटेवाल्याला तेवीस फेट्यांचेच पैसे द्यावे लागले.